शटर जड झालं? आधी काटा लावा, मग स्प्रिंगला हात लावा

शटर जड झालं की आमच्या ढाणकीत पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "स्प्रिंग ढिली झाली, दोन आटे देऊन टाका." पुष्कळदा ते खरंही असतं. पण खरी अडचण गाईडमध्ये असताना आटे दिले तर काय होतं, हे माझ्या कृषी केंद्राच्या शटरने दाखवलं आणि त्यात कामावरच्या मुलाचं मनगट दुखावलं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. मुख्य रस्त्यावर एकाला लागून एक शटरची दुकानं आहेत, आणि जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी हाच प्रश्न पडतो.

आधी शटर चालतं कसं ते पाहू. माझं शटर १० फूट रुंद आणि ८ फूट उंच, साध्या लोखंडी पट्ट्यांचं, हाताने वर ढकलायचं. पट्ट्या आणि खालची जाड बॉटम पट्टी धरून त्याचं वजन शंभर किलोच्या आसपास भरतं. एवढं वजन कुणी रोज सकाळी उचलत नाही, ते स्प्रिंग उचलते. वर हूडच्या आत एक पाईप असतो. तो दोन्ही टोकांना ब्रॅकेटमध्ये क्लॅम्पने आवळलेला असतो, म्हणजे तो फिरत नाही. त्यावर स्प्रिंगा चढवलेल्या असतात. स्प्रिंगचं एक टोक पाईपला अडकलेलं आणि दुसरं चकरीला. शटर खाली ओढलं की चकरी फिरते आणि स्प्रिंगला पीळ बसतो. शटर पूर्ण खाली असताना लटकणारं वजन सर्वांत जास्त असतं आणि पीळही सर्वांत जास्त असतो. शटर वर गुंडाळत जाईल तसं लटकणारं वजन कमी होतं आणि पीळही उतरत जातो. या दोन्हींचा मेळ बसला की शटर कुठल्याही उंचीवर हलकं लागतं.

हा मेळ दोन कारणांनी बिघडतो. स्प्रिंग थकते किंवा तुटते, नाहीतर बाजूच्या गाईडमध्ये पट्ट्या घासायला लागतात. दोन्हींत शटर हाताला सारखंच जड लागतं. उपाय मात्र एकदम उलटे आहेत.

माझ्या दुकानात झालं ते असं. खरीपाच्या घाईत खताच्या गाड्या उतरवताना एका ट्रॉलीचा कोपरा डाव्या गाईडला घासून गेला. वरवर काही दिसलं नाही. पुढे शटर जड व्हायला लागलं आणि कमरेच्या थोडं वर आलं की अडकायचं. त्या सुमारास जो मिस्त्री आला त्याने शटर दोनदा वरखाली केलं, शिडी लावली, क्लॅम्प सैल करून पाईपला आटे दिले आणि गाईडमध्ये वरपासून खालपर्यंत ग्रीस भरलं. शटर एकदम हलकं झालं. आम्ही सगळे खूश होतो.

थोड्याच दिवसांत दोन गोष्टी दिसू लागल्या. शटर खाली आणलं तरी जमिनीवर बसायचं नाही, कुलूप लावायला पायाने दाबून धरावं लागायचं. आणि उघडताना कमरेपाशी ते अजूनही अडायचं, जोर लावला की एकदम सुटून वर धाड्‌कन आदळायचं. असंच एका सकाळी मुलाने खांदा लावून जोर दिला, शटर सुटलं, हॅंडल हातातून हिसकलं गेलं आणि मनगट पिरगाळलं.

याचं कारण नंतर उमरखेडहून आलेल्या एका जुन्या फिटरकाकांनी सांगितलं. ट्रॉलीच्या धक्क्याने गाईडच्या दोन ओठांमधली फट एका जागी दबली होती. साध्या पट्ट्या तिथून घासत का होईना निघायच्या, पण बॉटम पट्टी जाड, ती तिथे येऊन अडायची. अडलेली पट्टी जोराने पुढे ढकलली की तिच्याखाली गाईडमध्ये काहीच उरत नाही, म्हणजे त्या जागची सगळी घासण क्षणात संपते. त्याच क्षणी जास्त पिळलेली स्प्रिंग मोकळी होते आणि शटर वर फेकते. घासण मारण्यासाठी स्प्रिंग आवळली तर ते धोक्याचं होतं, ते यामुळे.

काकांनी सर्वांत आधी दिलेले आटे परत काढले. मग मला म्हणाले, "दुकानात लटकता काटा असेल ना? आणा." शटरच्या दोन्ही हॅंडलांमधून एक दोरी ओवून तिच्या मधोमध काट्याचा हूक अडकवला. गुडघ्याच्या उंचीवर शटर धरून काट्याने सरळ वर, हळू आणि एकसारखं ओढलं. काटा ३२ किलो दाखवत होता. मग त्याच उंचीवरून शटर हळूच खाली सोडत काटा वाचला, तेव्हा ४ किलो.

हे दोन आकडे सगळं सांगतात. वर जाताना आपण शिल्लक वजनही उचलतो आणि घासणही सोसतो. खाली येताना तीच घासण शटरला धरून ठेवते, म्हणजे आपल्याला मदत करते. म्हणून दोन्ही आकड्यांची बेरीज करून निम्मी केली की स्प्रिंगने न उचललेलं वजन मिळतं : ३२ आणि ४ मिळून ३६, निम्मे १८ किलो. वजाबाकी करून निम्मी केली की घासण मिळते : २८ चे निम्मे १४ किलो. चांगल्या शटरला एवढी घासण नसते.

इथे एक नेहमीची परीक्षा फसवते, ती लक्षात ठेवा. शटर अर्ध्यावर सोडायचं आणि ते थांबलं की स्प्रिंग ठीक, असं सगळे मानतात. माझं शटर अर्ध्यावर जवळजवळ थांबायचं, पण स्प्रिंगमुळे नाही, घासणीमुळे. गाईड साफ आणि मोकळे असतील तरच ही परीक्षा खरी. काटा नसेल तर एवढं पाहा : वर जाताना जड आणि खाली आणतानाही ओढावं लागतं, तर घासण आहे. वर जड आणि खाली सोडलं की धाड्‌कन येतं, तर स्प्रिंग कमी पडते आहे. नेहमी एकाच उंचीवर अडतं, तर तिथे गाईड दबलं आहे किंवा पट्टी वाकली आहे. एक बाजू पुढे आणि दुसरी मागे राहते, तर एका बाजूची स्प्रिंग तुटली असण्याची शक्यता जास्त.

मग गाईडचं काम. शटर पूर्ण वर नेऊन दोन्ही बाजूंनी दोरीने पक्कं बांधलं. गाईडची फट साधारण २५ मिलिमीटर असते. चांगल्या जागी हलकेच सरकेल असा लाकडाचा तुकडा तासून घेतला आणि वरून खाली सरकवत नेला. डाव्या बाजूला कमरेच्या थोडं वर तो रुतला. तिथे लोखंडी पट्टी घालून, हातोडीने बेताने ठोकत ओठ उघडले आणि कानशीने टोकं घासून घेतली. तुकडा सरळ खाली गेला तेव्हाच काका थांबले.

मग ग्रीस. आमच्या भागातली काळी माती, कापसाची तंतूसारखी धूळ, सोयाबीनचा भुसा आणि माझ्या दुकानात खताची पूड, हे सगळं ग्रीसला चिकटतं आणि गाईडमध्ये घट्ट लगदा होतो. खत वर ओलही धरून ठेवतं, म्हणून गाईडचा खालचा भाग सर्वांत आधी गंजतो. तारेच्या ब्रशने आणि डिझेलच्या फडक्याने दोन्ही गाईड पुसून कोरडे केले. ओट्यावर नंतर टाकलेल्या कोब्यामुळे गाईडचा तळ बुजला होता, तोही छिन्नीने मोकळा केला, नाहीतर पावसाचं पाणी तिथेच साचतं. शेवटी साधी मेणबत्ती गाईडच्या आतल्या बाजूंवर घासली. सिलिकॉन स्प्रे मिळाला तर तोही चालतो. गाईडला कोरडं वंगणच हवं. तेल आणि ग्रीस यांची जागा वर आहे : स्प्रिंगच्या वेटोळ्यांवर पातळ तेलाचे थेंब, आणि बेअरिंग असेल तर त्यात ग्रीस.

पुन्हा काटा लावला : वर २२, खाली १४. बेरजेचे निम्मे अजूनही १८, म्हणजे स्प्रिंग होती तेवढीच कमी. घासण मात्र १४ वरून ४ वर आली होती. आता कुठे स्प्रिंगला हात लावायची वेळ आली. काकांनी शटर पुन्हा वर नेऊन बांधलं, कारण तिथे पीळ सर्वांत कमी असतो. पाईप पान्यात धरून मगच क्लॅम्प सैल केला, एका वेळी पाव आटा दिला, आवळला, दोरी सोडून पाहिलं. असं करत काटा वर १० आणि खाली २ दाखवू लागला. गुडघ्याखाली शटर हळूच जमिनीवर बसतं आणि कमरेवर सोडलं की थांबतं. असंच हवं.

हे स्प्रिंगचं काम मात्र स्वतः करू नका. शटर पूर्ण वर असतानाही पाईपवर पीळ असतोच, आणि पाना न धरता क्लॅम्प सुटला तर पाईप फिरून हात मोडू शकतो. मिस्त्रीला मात्र सांगा की आधी गाईड तपास. स्प्रिंग तुटलीच असेल तर सगळ्या स्प्रिंगा एकत्र बदलून घ्या. एकाच वयाच्या असतात, त्यामुळे उरलेल्या लवकरच जातात. शटर मध्येच अडकलं तर त्याखाली उभं राहू नका, लटकून ओढू नका. आधी दोन्ही टोकांखाली पक्का टेकू द्या. दहा चौरस मीटरच्या वरचं शटर असेल तर ते हाताने ढकलण्याऐवजी साखळीचं करून घेणंच योग्य.

उन्हाळ्यात दुपारी अडतं आणि सकाळी मोकळं असतं, अशी तक्रारही ऐकतो. तीन मीटरची लोखंडी पट्टी ३० अंशांनी तापली तर जेमतेम एक मिलिमीटर वाढते. एवढ्याने शटर अडत असेल तर गाईडमधली मोकळीक आधीच संपलेली आहे. पट्ट्यांच्या टोकांचे क्लिप पडले की पट्टी बाजूला सरकते आणि ही मोकळीक खाते. गाईडच्या आत चकचकीत घासलेली रेघ दिसली की त्या पट्टीला जागेवर सरकवून क्लिप बसवून घ्या.

मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर, असे वर्षातून दोनदा मी काटा लावतो आणि दोन्ही आकडे शटरच्या आतल्या भिंतीवर तारखेसह लिहितो. दोन्ही आकडे बरोबरीने वाढू लागले तर स्प्रिंग थकते आहे, वरचा वाढून खालचा घटला तर गाईड भरतं आहे. आकडे पाहून मिस्त्रीला नेमकं काय करायचं ते सांगता येतं, आणि कुणीही सरसकट आटे देऊन जात नाही.