दाव्यातील कागदांची रोजकीर्द

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला रोजकीर्द म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. दिवाणी दाव्यातील तारीखवार घटनाक्रम हीही एक रोजकीर्दच होय. आणि कागदपत्रांची यादी म्हणजे त्या कीर्दीतील प्रत्येक नोंदीची पावती कोणत्या पानावर आहे ते सांगणारी सूची.

एक काल्पनिक दावा घेऊ. बेळगावातील एका लोखंडी सामानाच्या दुकानदाराने एका गिऱ्हाइकाला 86,000 रुपयांचा माल उधार दिला. पैसे केव्हा द्यायचे ते ठरलेले नव्हते. 20,000 मिळाले, 66,000 राहिले. दावा दाखल झाला 12 जानेवारी 2026 रोजी. अशा व्यवहारात 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे माल पोचल्यापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो. म्हणजे माल कधी पोचला, हा पहिला प्रश्न.

दुकानाच्या वहीत लिहिले आहे ‘चैत्र शु. 1, शके 1944’, आणि बिलावर ‘2/4/22’. वहीची तिथी सर्वांनाच उलगडेल असे नाही, आणि बिलावरचा आकडा 4 फेब्रुवारी असाही वाचता येतो. शके 1944 चा पाडवा 2 एप्रिल 2022 रोजी होता. म्हणून घटनाक्रमात महिना अक्षरांत लिहावा आणि मूळ नोंद कंसात जशीच्या तशी ठेवावी:

2 एप्रिल 2022 (वहीत चैत्र शु. 1, शके 1944): माल पोचला, रु. 86,000. पाने 1 ते 3.
5 सप्टेंबर 2023: प्रतिवादीचा सहीचा चेक, रु. 20,000, खात्यात जमा 8 सप्टेंबर. पाने 4, 5.
18 जानेवारी 2024 (पाकिटावरील टपालाचा शिक्का, पत्रावर तारीख नाही): प्रतिवादीचे मराठी पत्र. पाने 6 ते 8.
3 नोव्हेंबर 2025: वकिलाची नोटीस व पोच. पाने 9 ते 11.

आता मुदत मोजून पाहू. नुसती पहिली ओळ धरली तर मुदत 2 एप्रिल 2025 रोजी संपते आणि दावा बाद होतो. पण मुदत चालू असतानाच काही रक्कम दिली गेली आणि देणाऱ्याच्या हाताचा किंवा सहीचा लेखी पुरावा असला, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजतात (कलम 19). सही केलेल्या लेखी कबुलीलाही तोच नियम आहे (कलम 18). म्हणजे सारा दावा दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीवर उभा आहे. या दोन ओळी पंचवीस बिनमहत्त्वाच्या पत्रांत बुडाल्या, तर न्यायाधीशांना त्या शोधत बसावे लागेल. म्हणून प्रत्येक फोन, प्रत्येक खेप घटनाक्रमात घालू नये. फोनवरचे बोलणे घालायचेच झाले, तर पानाच्या जागी ‘तोंडी’ असे स्पष्ट लिहावे. ‘लबाडीने टाळाटाळ केली’ असली वाक्ये तर मुळीच नकोत. तो युक्तिवाद झाला, घटना नव्हे.

पत्रावर तारीख नसली की ‘जानेवारी 2024’ असे ठोकून देण्याचा मोह होतो. तसे करू नये. तारीख कशावरून काढली ते लिहावे आणि पाकीटही पत्रामागे लावून त्याला पान द्यावे. पत्रात मजकूर आहे, ‘राहिलेल्या रकमेला दोन महिने सांभाळून घ्या.’ बेळगावच्या न्यायालयासाठी याचे कन्नड भाषांतर जोडावे लागते. येथे आपल्यासारख्या दुभाष्यांनी फार जपावे. भाषांतरात ‘66,000 रुपये देईन’ असे आले, तर आकडा मूळ पत्रात नाही, एवढ्यावरच प्रतिपक्ष पकडेल. मूळ पान 6, पाकीट 7, भाषांतर 8 असे ते एकापाठोपाठ असावे. सगळी भाषांतरे शेवटी एकत्र बांधली की वाचणाऱ्याला दोन ठिकाणी बोट ठेवावे लागते.

यादीत अनुक्रमांक, तारीख, कागदाचे वर्णन, मूळ की नक्कल, भाषा आणि पाने एवढे रकाने पुरतात. ‘पत्र’ एवढेच वर्णन चालत नाही. कोणी कोणास लिहिले ते हवे. निशाणी क्रमांकाचा रकाना मात्र कोरा सोडावा. पी-1, पी-2 हे क्रमांक कागद पुराव्यात आल्यावर न्यायालय घालते, आणि ते आपल्या क्रमानेच पडतील असे नाही. आपण आधीच लिहिले तर एकाच कागदाला दोन नावे होतात. घटनाक्रमात म्हणून पानाचाच हवाला द्यावा.

दाव्याचा आधार असलेले कागद यादीसह दाव्याबरोबरच हजर करावे लागतात. राहिलेल्या कागदाला पुढे न्यायालयाची परवानगी लागते. असा कागद मागाहून आलाच, तर सगळी पाने नव्याने मोजू नयेत; 5 नंतर 5-अ लिहावे, नाहीतर आधी दिलेल्या प्रतींतील हवाले चुकतात.

खातेवहीबद्दल एक मर्यादा आहे. 1872 च्या पुरावा कायद्यात होते तसेच 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे: केवळ वहीतील नोंदीवरून कोणावर देणे लादता येत नाही. म्हणून वहीच्या पानालगत बिल आणि माल मिळाल्याची सही असलेली पावती हवी. पाने 1 ते 3 मध्ये हेच तीन कागद आहेत. शेवटी दुसऱ्या कोणाच्या तरी हाती संच द्यावा आणि ‘20,000 कधी मिळाले, दाखव’ असे म्हणावे. त्याला पान 4 मिनिटाभरात सापडले नाही, तर यादी पुन्हा लिहायला घ्यावी.