ओसीआरचा अंदाज कसा बांधावा?

प्रश्न : आमच्या ग्रंथालयात जुन्या मासिकांची २ लाख स्कॅन पाने पीडीएफमध्ये आहेत. ओसीआरला वेळ, खर्च, जागा किती लागेल?

उत्तर : वेगवेगळ्या वर्षांची २०० पाने निवडून टेसरॅक्टवर चालवून पाहा. पानामागे सरासरी ६ सेकंद लागले, तर एकूण ३३३ तास होतात; आठ कोअरवर आठ पाने एकाच वेळी चालवल्यास सुमारे ४२. फिकट पाने रेंगाळतात, म्हणून पाव पट वेळ जादा धरा.

सॉफ्टवेअर मोफत आहे. खरा खर्च मुद्रितशोधनाचा. तोही याच नमुन्यातल्या चुका मोजून काढा.

मजकुराला जागा फारशी लागत नाही. पण ३०० डीपीआयचे ए-फोर करडे पान ओसीआरसाठी पीडीएफमधून प्रतिमा म्हणून उलगडले की सुमारे ९ एमबी होते. म्हणून हजार-हजार पानांचे गठ्ठे करा आणि प्रत्येक गठ्ठ्यानंतर तात्पुरत्या प्रतिमा पुसा. १० जीबी मोकळी जागा पुरेल.