पगार थांबला की दुसऱ्या खात्यात गेला?

माझी आत्या लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १५०० रुपये म्हणजे तिचा 'पगार'. तो यायचा बंद झाला, तेव्हा ज्यानं त्यानं एकच सांगितलं, पासबुकाची झेरॉक्स तहसीलला नेऊन दे. तिनं दिली, तरी खातं कोरडंच.

पूर्वी तहसीलमधून बँकेला यादी जायची, खातेनंबर पाहून पैसे जमा व्हायचे. २०२४ च्या अखेरीपासून हे अनुदान थेट डीबीटीनं येऊ लागलं. आता पत्ता खातेनंबरचा नाही, आधार नंबरचा. शेवटचं जे खातं डीबीटीसाठी आधारला जोडलेलं असेल, त्यातच पैसे पडतात. आत्यानं मधे बचत गटासाठी दुसऱ्या बँकेत खातं काढलं होतं. तिथं अंगठा घेताना डीबीटीची संमतीही घेतली गेली, आणि पगार गुपचूप तिकडे वळला.

मी नांदेडला बसूनच मोबाईलवर पाहिलं. myaadhaar.uidai.gov.in वर आधार नंबर आणि ओटीपी टाकून Bank Seeding Status उघडलं, तर नव्या बँकेचं नाव आणि पुढे Active. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवरच येतो, म्हणून आत्या फोनवर आकडे सांगत होती. नव्या पासबुकात नोंदी मारून घेतल्या, तर सगळे हप्ते तिथं जमा! पगार जुन्याच खात्यात हवा असेल, तर जुन्या बँकेत आधार सीडिंगचा फॉर्म भरावा आणि 'डीबीटीसाठी' असं स्पष्ट म्हणावं. नुसतं 'आधार लिंक करा' म्हटलं, की केवायसी होते आणि पैसे होते तिथंच जात राहतात.

माझ्या सासूबाईंचं दुखणं वेगळं. त्या मुखेड तालुक्यातल्या. सीडिंग Active, तरी कुठल्याच खात्यात रुपया नाही. असं दिसलं की बँक सोडून तहसीलची संजय गांधी शाखा गाठावी आणि लाभार्थी यादीतली आपली नोंद वाचून घ्यावी. यादीत त्या 'सोजरबाई', आधारवर 'सोजराबाई'. एका कान्यापायी आधार पडताळणी अडकली होती.

शेजारचे म्हणाले, आधारवरचंच नाव बदला. मी नको म्हटलं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. शिवाय ते बदललं की बँकेतलं, रेशन कार्डावरचं नाव जुळेनासं होतं. बाकीचे कागद आधारशी जुळत असतील तर यादीतलीच नोंद दुरुस्त करून घ्यावी. आधार, पासबुक, रेशन कार्ड आणि मंजुरीचं पत्र जोडून साधा अर्ज पुरतो. त्याच अर्जात कोणत्या महिन्यापासून पैसे आले नाहीत ते लिहून थकबाकी मागावी, कारण हे पैसे आत्यासारखे दुसऱ्या खात्यात पडलेले नसतात. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. पुढच्या खेपेला टेबलावरचा माणूस बदललेला असू शकतो.