निवेदनाच्या संहितेतील इंग्रजी नावे : उच्चार-टिपण कसे लिहावे

माहितीपटाची वा जाहिरातीची मराठी संहिता निवेदकाच्या हाती जाते तेव्हा तिच्यासोबत एक उच्चार-टिपण असावे लागते. संहितेत नाव कसे छापले आहे याच्याशी टिपणाचा संबंध नसतो. ते तोंडातून कसे निघावे एवढेच टिपण सांगते. त्यामुळे शुद्धलेखनाचे नियम येथे बाजूला ठेवावे लागतात. आपल्याकडच्या भाषाप्रेमींना याचे थोडे वाईट वाटते, पण टिपण छापले जात नाही, ऐकले जाते.

देवनागरीत लिहिले तसे वाचले जाते, हा आपला समज मराठीपुरता तरी अर्धाच खरा आहे. ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’ या अक्षरांचे मराठीत प्रत्येकी दोन उच्चार आहेत, आणि कोणता करायचा हे अक्षर सांगत नाही, शब्दाची ओळख सांगते. ‘जय’मधला ज तालव्य, ‘जागा’मधला दंततालव्य. ओळखीच्या शब्दात आपण कधी चुकत नाही. नाव परके असले की जीभ जवळच्या मराठी शब्दाकडे वळते.

‘जावा’ हे उदाहरण पाहावे. संगणकाची एक भाषा Java, आणि त्याच उच्चाराची मोटारसायकल Jawa. संहितेत दोन्ही ‘जावा’च लिहिली जातात. मराठीत मात्र ‘जावा’ म्हणजे जाऊ या शब्दाचे अनेकवचन, आणि त्यातला ज दंततालव्य. संगणकाशी परिचय नसलेला निवेदक ‘जावा शिकण्यासाठी’ हे शब्द पहिल्यांदा वाचताना घरातल्या जावांचाच ज काढतो, आणि ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना हसू येते. टिपणात पुन्हा ‘जावा’ लिहून उपयोग नाही. तेथे ‘ज्यावा’ लिहावे. य आला की मराठी जीभ ज तालव्यच करते. य ठळक उच्चारू नये, एवढे निवेदकाला एकदा सांगितले की पुरते. Charge, Chat यांच्यासाठीही हीच युक्ती चालते : च्यार्ज, च्यॅट.

उलट बाजूला इंग्रजी z. संहितेत ‘झूम’ छापावे, ते रूढ आहे. पण टिपणात नुक्ता देऊन ‘ज़ूम’ लिहावे, म्हणजे झमधला महाप्राण गळतो. Jazz या एकाच शब्दात दोन्ही ध्वनी आहेत : ज्यॅज़. मात्र टिपण दुसऱ्या टंकात बदलताना नुक्ता कधीकधी नाहीसा होतो. म्हणून छापील प्रत हाती आल्यावर नुक्ते पेनने तपासावेत.

इंदूर, ग्वाल्हेरकडे आणखी एक अडचण असते. तेथे मराठी संहिता पुष्कळदा हिंदीवरून तयार होते आणि ‘बैटरी’, ‘ऐप’ ही रूपे तशीच उतरतात. हिंदी शाळेत शिकलेला निवेदक ती बरोबर वाचतो, कारण त्याच्या वाचनात ऐ म्हणजे जवळपास ॲ. मराठी शाळेतला मात्र ‘बइटरी’ म्हणतो. दोघांचीही वाचनाची सवय आपापल्या जागी योग्य आहे. टिपणात बॅटरी, ॲप लिहावे, आणि निवेदक कोणत्या शाळेतला आहे हे आधी विचारून घ्यावे.

आता एक ओळ पूर्ण करून पाहू : “Ethernet केबल राउटरला जोडा आणि LED हिरवा झाला की Zoom उघडा.” ‘ईथरनेट’ असे सलग लिहिले तर ‘ईथ-रनेट’ असे तुटण्याचा संभव आहे, म्हणून ई-थर-नेट. LED अक्षरे सुटी, एल-ई-डी. पण RAM असता तर रॅम. संक्षेप सुटा की जोडून, हे त्याच्या रूपावरून कळत नाही, म्हणून प्रत्येक संक्षेपाचा उल्लेख टिपणात हवाच. राउटरला ‘रूटर’ म्हणणारेही इंग्रज आहेत. आपला श्रोता दुकानात राउटर मागतो, तेव्हा राउटर. प्रत्ययासह येणारे नाव प्रत्ययासहच लिहावे, ‘राउ-टर-ला’, नाहीतर निवेदक नावापाशी थबकतो आणि प्रत्यय वेगळा ऐकू येतो. ही रूपे वाक्यात कंसात न घालता उजव्या रकान्यात द्यावीत. कंसातला मजकूर डोळा आपोआप वाचतो.

कोणता उच्चार प्रमाण मानायचा, हा प्रश्न नावांपुरता सुटतो. Jawa हे नाव चेक देशातले, तिथे त्याचा उच्चार ‘यावा’ असा. पण म्हैसूरला ती गाडी बनू लागल्यापासून भारतात ती जावाच आहे. Hyundai चा कोरियन उच्चार ‘ह्युंदाई’पासून बराच दूर आहे, तरी येथील जाहिरातीत ऐकू येते तेच घ्यावे. कंपनीची भारतातली जाहिरात ऐकावी. ती नसेल तर कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे, म्हणजे ध्वनिमुद्रणानंतर वाद होत नाही.

शेवटी तपासणी. ज्याने ती नावे कधी ऐकली नाहीत अशा माणसाला फक्त उजवा रकाना वाचायला द्यावा आणि आपण मूळ यादी हाती धरून ऐकावे. तो जिथे अडखळतो तिथे दोष त्याचा नसतो; तेवढी ओळ बदलून त्याच्याकडून पुन्हा वाचून घ्यावी, आणि मगच टिपण स्टुडिओत पाठवावे.