प्रबंधातलं प्रकरण, नियतकालिकातला लेख

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या मराठी प्राथमिक शाळांवरचं माझं प्रकरण बावीस हजार शब्दांचं होतं आणि नियतकालिकाची मर्यादा आठ हजारांची. प्रत्येक उपविभाग तिसऱ्या हिश्श्यावर आणून मी मजकूर पाठवला. म्हापशात बसून आठवडाभर वाट पाहिली, तेव्हा संपादकांनी एवढंच विचारलं, ‘यातला प्रश्न कोणता?’

विचारणं रास्त होतं. प्रकरणाचा प्रश्न प्रबंधाच्या प्रस्तावनेत असतो आणि निष्कर्ष शेवटच्या प्रकरणात. सरसकट छाटणी केली की सगळंच थोडं थोडं उरतं आणि प्रश्न तेवढा बाहेर राहतो.

म्हणून आधी दावा एका वाक्यात लिहून काढावा. माझा असा ठरला: मुलं सरकारी शाळा सोडून कधी गेली, हे माध्यमाच्या धोरणापेक्षा अनुदानित शाळांच्या दारात येणाऱ्या बसवर, बालरथावर, जास्त अवलंबून होतं. मग प्रत्येक परिच्छेद या वाक्यासमोर धरला.

1788मध्ये पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं इथपासूनचा इतिहास दोन वाक्यांत आटोपला. ती पानं परीक्षकांसाठी होती. 1990मध्ये प्राथमिक अनुदान स्थानिक भाषांच्या शाळांपुरतं ठेवलं गेलं आणि 2011पासून ते इंग्रजीलाही खुलं झालं, हा भाग मात्र ठेवला. मुलं जाण्याचं हेच तर दुसरं संभाव्य कारण. ते काढलं असतं तर माझा दावा कुणाशी भांडणार?

पद्धतीचं सारं विवेचन गेलं, एक परिच्छेद सोडून. जनरल रजिस्टरमध्ये शाळा सोडण्याच्या कारणापुढे बहुतेक ठिकाणी ‘पालकांची इच्छा’ एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून मूल पुढे कुठल्या शाळेत गेलं, ते मला दाखल्यांवरून जुळवावं लागलं. दावाच त्यावर उभा, तेव्हा त्याला हात लावायचा नाही.

जोडण्याचं काम सर्वांत अवघड गेलं. प्रबंधात आधी पेडणे, मग डिचोली, दोन्हीकडे तोच क्रम. वाचकाला तेच दोनदा. तालुक्यांची विभागणी मोडून मी गावं दोन गटांत मांडली: बालरथ थांबतो ती आणि थांबत नाही ती. एकच तक्ता झाला, आणि प्रबंधात दोन ठिकाणी विखुरलेली विसंगती वर आली. डिचोलीच्या खाणपट्ट्यातल्या काही गावांत बालरथ येऊनही मुलं सरकारी शाळेतच राहिली होती. 2012मध्ये खाणी बंद पडल्यावर ट्रकचं उत्पन्न आटलं, त्याचा हा परिणाम असावा. पण माझ्याकडे घरखर्चाची आकडेवारी नाही. हा अपवाद वगळायचा मोह झाला. तरी तो ‘असावा’सकट ठेवला, कारण परीक्षण करणाऱ्याची नजर आधी तिथंच गेली असती.

प्रबंध शोधगंगेवर असेल तर साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तो सापडणारच. लेख प्रबंधावर आधारित आहे हे संपादकांना पत्रातच कळवावं आणि तळटीपेतही नोंदवावं. वाक्यं तरीही नव्यानं लिहावीत. दावा बदलला की जुनी वाक्यं तशीही बसत नाहीत.