एक आकडा वाढला, तर काय बदलते?

लॉटरीत ३५ पैकी ५ आकडे निवडायचे असतील, तर ३५×३४×३३×३२×३१ या गुणाकाराला, क्रम गौण असल्याने, १२० ने भागावे. आम्ही मुलांकडून हे फळ्यावर करवून घेतो : ३,२४,६३२ संच. आकडे ४९ केले, की १९,०६,८८४. सहावा आकडा निवडायचा ठरला, की उरलेल्या ४४ ने गुणून ६ ने भागावे : १,३९,८३,८१६. प्लेविनच्या सुपर लोटोची हीच रचना होती.

२०११ च्या जनगणनेनुसार वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख. पहिल्या खेळात जिल्ह्याच्या पाव हिश्श्याहून किंचित मोठ्या समूहातून एकच व्यक्ती नेमकी ओळखायची. दुसऱ्यात अशा साडेअकरा जिल्ह्यांतून. मजुरीतून तिकीट घेणाऱ्याला मात्र एकच आकडा वाढलेला दिसतो. शक्यता त्रेचाळीस पटींनी घटलेली असते.