आधी शुद्ध, मग संक्षिप्त : उजळणीच्या टिपणांच्या सेवेतील एक पाठ



रात्रशाळेत शिकून दहावीला बसणाऱ्या मुलांसाठी आपल्या न्यासातर्फे उजळणीची टिपणे तयार होतात. ही मुले दिवसा काम करतात. पाठ्यपुस्तक त्यांच्याजवळ असते, पण परीक्षा जवळ आल्यावर अख्खा धडा पुन्हा वाचायला त्यांना वेळ मिळत नाही. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात आपली दोन पानेच त्यांच्या हातात असतात, आणि त्या दोन पानांत जे छापले जाईल तेच ती उत्तरपत्रिकेत उतरवतात.

अझैबा येथे राहणारे आम्ही काही सभासद या सेवेत आहोत. मस्कतमधील आपली मुले बहुतेक सीबीएसईच्या भारतीय शाळांत जातात, त्यामुळे बालभारतीची पुस्तके इथे घरात सहसा नसतात. पानांचे फोटो महाराष्ट्रातून येतात. ते फोटो आम्ही गूगल ड्राइव्हमध्ये ठेवतो आणि `Open with` मधून `Google Docs` निवडतो. संगणक चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करतो. यालाच ओसीआर म्हणतात. उघडलेल्या कागदावर वर मूळ फोटो आणि खाली मजकूर असतो, आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. आमच्यातल्या सत्तरीच्या मंडळींना याच सोयीमुळे हे काम जमते.

पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, मग फोटो कशाला, असे कोणी विचारील. त्या पीडीएफमधला मराठी मजकूर उचलून चिकटवला तर अनेकदा अक्षरांचा चिवडा होतो, म्हणून ओसीआर करावेच लागते. मात्र फोटोत सावली किंवा बोट आले असेल, तर तेच पान तेथे उघडून खात्री करून घ्यावी.

आधी टिपण करून मग तपासले तर?

काही नव्या सेवेकऱ्यांना वाटते, की बारा पाने तपासण्यापेक्षा आधी त्यांची दोन पाने करावी आणि मग तेवढीच तपासावी, श्रम वाचतील. दिसायला हे बरोबर दिसते, पण गोष्ट नेमकी उलटी आहे. दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मधला पहिला धडा ‘गुरुत्वाकर्षण’ घेऊन ते दाखवतो. खालची वाक्ये पुस्तकातली नाहीत. त्या विषयावर माझ्या शब्दांत लिहिलेली आहेत.

न्यूटनचा नियम सांगतो, की दोन वस्तूंमधले गुरुत्वीय बल त्यांच्यातील अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. ओसीआरला अर्धा ‘स’ आणि अर्धा ‘क’ सारखेच दिसू शकतात, आणि ‘व्यस्त’चे ‘व्यक्त’ होते. ‘व्यक्त’ हा चांगला मराठी शब्द आहे, त्यामुळे संगणक त्याखाली लाल रेघ मारीत नाही. पूर्ण धड्यात मात्र पुढे कुठेतरी समजावलेले असते, की अंतर दुप्पट केले तर बल एक चतुर्थांश होते. ते वाक्य वाचणारा थांबतो. अंतर वाढले आणि बल कमी झाले, म्हणजे इथे ‘व्यस्त’च हवे, हे त्याला कळते.

आता टिपण करताना काय गाळले जाते? उदाहरणे, स्पष्टीकरणे आणि पुन्हा सांगितलेली वाक्ये. म्हणजे चूक पकडून देणारे वाक्यच आधी जाते आणि चूक मागे राहते. ‘वर्गाच्या व्यक्त प्रमाणात’ हे कोणाला विचित्र वाटलेच, तर तो तो शब्द काढून ‘वर्गाच्या प्रमाणात’ असे करील. मग वाक्य वाचायला सुरेख होईल आणि अर्थ पुरता उलटा होईल. म्हणून साक्षीदार वाक्ये जागेवर असतानाच मजकूर शुद्ध करायचा.

पहिले काम : मजकुराचा क्रम

अक्षरांकडे वळण्याआधी परिच्छेद क्रमाने आले आहेत का ते पाहावे. पाठ्यपुस्तकात ‘माहीत आहे का तुम्हांला?’, ‘जरा डोके चालवा’ अशा चौकटी असतात. ओसीआर कधी कधी चौकटीतला मजकूर चालू वाक्याच्या मध्येच घुसवते. पानाच्या तळाचा क्रमांकही असाच एखाद्या वाक्यात शिरतो, आणि तो आकडा गणितातला वाटू शकतो. फोटो समोर ठेवून चौकटी वेगळ्या काढाव्यात, पानाचा क्रमांक काढून टाकावा आणि प्रत्येक पानाच्या सुरुवातीला ‘पान अमुक’ असे आपण स्वतः लिहावे. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्दही याच वेळी जोडावेत.

दुसरे काम : सारखी दिसणारी अक्षरे

ग्रहांच्या गतीविषयी केपलरचा तिसरा नियम ओसीआरमधून असा बाहेर येऊ शकतो : ‘ग्रहाच्या परिभ्रमण काळाचा वग हा त्याच्या सूयापासूनच्या सरासरी अंतराच्या धनाला समानुपाती असतो.’

यात तीन चुका आहेत. ‘वर्ग’ आणि ‘सूर्य’ या शब्दांवरचा रफार गेला आहे. या दोन चुका डोळ्यांना लगेच टोचतात, कारण ‘वग’ आणि ‘सूया’ इथे बसतच नाहीत. तिसरी चूक गोड बोलून फसवणारी आहे. ‘घनाला’चे ‘धनाला’ झाले आहे. घन म्हणजे एखादी संख्या तीनदा घेऊन केलेला गुणाकार, धन वेगळे. शब्द शुद्ध, वाक्य शुद्ध आणि नियम मात्र चुकीचा.

घ-ध, भ-म, थ-य, ब-व आणि ख-रव या जोड्यांवर बारीक लक्ष ठेवावे. रफार, अनुस्वार आणि मात्रा यांचे ठिपके-रेघा लहान असल्याने पुसट फोटोत आधी तेच हरवतात. ‘कार्य’चे ‘काय’ होते, ‘बल’चे ‘वल’ होते.

`Find and replace` वापरून सगळे ‘धन’ एका फटक्यात ‘घन’ करू नयेत. विजेच्या धड्यात ‘धन प्रभार’ असतो, तिथे ‘धन’च बरोबर. प्रत्येक जागा बघून, एकेक बदल करावा.

तिसरे काम : वर चढलेले आकडे

या धड्यातला सर्वांत मोठा धोका घातांकांचा आहे, म्हणजे दहाच्या डोक्यावर लहान अक्षरात लिहिलेल्या आकड्यांचा. G हा गुरुत्व स्थिरांक, M हे पृथ्वीचे वस्तुमान आणि R ही पृथ्वीची त्रिज्या. त्या अशा हव्यात :

```
G = 6.67 × 10⁻¹¹ Nm²/kg²
M = 6 × 10²⁴ kg
R = 6.4 × 10⁶ m
```

ओसीआरमध्ये वरचे आकडे खाली उतरतात :

```
G = 6.67 x 10-11 Nm2/kg2
M = 6 x 1024 kg
R = 6.4 x 106 m
```

आता पृथ्वीचे वस्तुमान सहा गुणिले एक हजार चोवीस, म्हणजे ६१४४ किलो झाले. तेवढा माल एक ट्रक वाहून नेतो. त्रिज्या ६७८ मीटर झाली. अझैब्याच्या किनाऱ्यावरची आपली सकाळची फेरीसुद्धा त्याहून लांब असते. विज्ञान न शिकलेल्या माणसालाही हा आकडा खटकेल, फक्त त्याने थांबून त्याचा अर्थ लावला पाहिजे.

दुरुस्तीसाठी आकडा निवडून संगणकावर `Ctrl + .` दाबले की तो वर चढतो. मोबाइलवर ते अवघड वाटल्यास ‘१० चा २४ वा घात’ असे शब्दांत लिहावे. उणे चिन्ह राहिले आहे ना, हेही पाहावे.

दुरुस्त केलेले आकडे बरोबर आहेत का, हे त्याच धड्यातल्या सूत्राने तपासता येते. पृथ्वीच्या पृष्ठभागावर गुरुत्व त्वरण `g = GM/R²`. वर ६.६७ गुणिले ६ म्हणजे ४०.०२, आणि घातांकांची बेरीज उणे ११ अधिक २४, म्हणजे १३. खाली ६.४ चा वर्ग ४०.९६ आणि घातांक ६ ची दुप्पट, म्हणजे १२. भागाकार ०.९७७, दहाचा एक घात शिल्लक राहतो, म्हणून उत्तर ९.७७. आपण ९.८ म्हणून ओळखतो तोच हा आकडा. एकही घातांक चुकला असता तर उत्तर याच्या जवळपासही आले नसते. दशांशचिन्ह पुसले जाऊन ९.८ चे ९८ झाले असेल, तर तेही इथेच उघडे पडते.

ही चाचणी आकड्यांपुरतीच आहे. ‘व्यस्त’ आणि ‘घन’ यांसारख्या शब्दांना ती लागू पडत नाही. त्यासाठी माणूसच लागतो.

चौथे काम : दोघांचे वाचन

एकट्याने वाचताना आपले मन चुकलेला शब्द आपोआप बरोबर वाचते, कारण पुढे काय असणार हे त्याला ठाऊक असते. म्हणून आम्ही शुक्रवारी सुटीच्या दिवशी जोडीने बसतो. एकाने छापील पानाच्या फोटोतून सावकाश मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने ओसीआरच्या मजकुरावर नजर ठेवायची. वाचणाऱ्याने मजकुरातून वाचू नये, नाहीतर चुकीची चूकच पुन्हा वाचली जाईल. जिथे शंका येईल तिथे जुन्या शाळेतल्यासारखे ‘घ घराचा’, ‘ध धनुष्याचा’ असे फोड करून सांगायचे. आकडे एकेक करून म्हणायचे आणि ‘दहाच्या डोक्यावर उणे अकरा’ असे स्पष्ट बोलायचे.

निवृत्त शिक्षक हे काम फार छान करतात, पण त्यासाठी विज्ञान यायलाच हवे असे नाही. डोळा आणि धीर पुरतो.

मग टिपण

शुद्ध झालेला पूर्ण मजकूर वेगळा जपून ठेवावा आणि टिपण दुसऱ्या कागदावर करावे. प्रत्येक मुद्द्यासमोर पुस्तकातल्या पानाचा क्रमांक लिहावा, म्हणजे मुलाला शंका आली तर तो थेट त्या पानावर जाईल. नियम तुकड्यांत न लिहिता पूर्ण वाक्यात लिहावा. आणि प्रत्येक नियमाबरोबर एक साक्षीचे वाक्य राहू द्यावे. न्यूटनच्या नियमाचे टिपण असे होईल : ‘गुरुत्वीय बल दोन वस्तुमानांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. अंतर दुप्पट केले तर बल एक चतुर्थांश होते.’ दुसरे वाक्य एक ओळ जागा घेते. पण पुढे छपाईत पहिल्यात काही बिघडले, तर मुलाच्या हातात ते पकडण्याचे साधन राहते.

विनंती

विज्ञानाचे पुढचे धडे वाचनासाठी तयार आहेत. नीट काम केल्यास एका पानाला जोडीला साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो. आठवड्यातून दोन पाने घेऊ शकणाऱ्या सभासदांनी आपले नाव सेवा विभागाकडे द्यावे. जोडीदार दूरच्या गावी असला तरी फोनवरून वाचन होते. मात्र मस्कतची वेळ भारताच्या दीड तास मागे आहे, तेवढे धरून वेळ ठरवावी. ज्यांना पडद्याकडे फार वेळ पाहवत नाही, त्यांनी छापील पानावरून वाचण्याची बाजू घ्यावी. या सेवेत पैशाची अपेक्षा नाही. आपला आवाज आणि आपला वेळ एवढेच हवे आहे.